तेवढं चेहऱ्याकडे बघ

मागच्या डिसेंबरात आमच्या भागातल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी वीस मिनिटांचं नाटुकलं लिहून दिलं. चित्रकूटावरची राम-भरत भेट. सहावी-सातवीची मुलं होती. तालीम सकाळी साडेसातला, शाळेच्या हॉलमध्ये. डिसेंबरातली नाशिकची सकाळ, त्यामुळे शहाबादी फरशीवर अनवाणी पाय ठेवला की गारठा थेट गुडघ्यापर्यंत चढायचा. मुलं स्वेटरवरूनच वल्कलं गुंडाळून उभी राहायची. पहिले दोन दिवस नीट गेले. तिसऱ्या दिवशी भरत झालेला मुलगा हातातला कागद घेऊन माझ्याजवळ आला. म्हणाला, "ताई, तो पण म्हणतो मला राज्य नको, मी पण म्हणतो मला राज्य नको. त्याच्या पण जटा, माझ्या पण जटा. मग लोकांना राम कोण ते कळणार कसं?" बाईंनी पलीकडूनच उत्तर दिलं, "अरे, राम मधोमध बसलाय ना, कळेल!" मुलगा 'हो' म्हणून जागेवर गेला. मी मात्र वही मिटून तशीच बसून राहिले, कारण माझ्याकडे बाईंपेक्षा वेगळं उत्तर नव्हतं.

घरी येताना पुलावरून चालत आले. गोदेवर धुकं होतं, रामकुंडाकडे आंघोळीला आलेल्या माणसांचे नुसते आकार दिसत होते. मी पंचवटीतच वाढले. काळारामाच्या पूर्व दरवाज्यातून सभामंडपाच्या खांबांमध्ये पळापळी खेळले. गाभाऱ्यात काळ्या पाषाणातले राम, सीता, लक्ष्मण. या तिघांना इतक्या वेळा पाहिलंय की डोळे मिटले तरी दिसतात. भरत तिथे नाही, आणि तो तिथे नसावा हेच बरोबर आहे. राम पंचवटीत होता तेव्हा भरत अयोध्येबाहेर नंदिग्रामात होता. आमच्या गावात चौथ्या भावाची, म्हणजे खरं तर दुसऱ्याच भावाची, जागा नाही. लहानपणी मला त्याचं काही वाटलं नाही. त्या मुलाने विचारल्यावर वाटलं.

त्या आठवड्यात मी वाल्मीकी रामायण पुन्हा उघडलं. आजीच्या पोथीतला भरत मला माहीत होता: रडणारा, पाया पडणारा, पादुका डोक्यावर घेऊन निघून जाणारा. माझ्या नाटुकल्यातही मी तोच उचलला होता. वाल्मीकींचा भरत निराळा निघाला. तो रडतो, पण रडून थांबत नाही. तो वाद घालतो, एकामागून एक मार्ग काढतो आणि रामाला अक्षरशः अडवून बसतो. आणि ज्या कारणासाठी तो अडवतो ते कारण रामाच्या कारणापेक्षा उणं नाही. मुलाच्या प्रश्नातली खरी मेख इथे आहे. नायकाच्या शेजारी लेखक रावणासारखं पात्र उभं करतो तेव्हा फरक सांगावा लागत नाही, दहा तोंडं मोजली की झालं. पण दोघेही चांगले, दोघेही एकाच बापाचे, दोघांचंही म्हणणं 'नको', असं असेल तर फरक फार बारीक असतो, आणि तो दिसला की दोघांबद्दलही असं काही कळतं जे एकेकट्याकडे पाहून कळलं नसतं.

अशा पात्राला इंग्रजीत 'फॉइल' म्हणतात. तो शब्द सोनारकामातला. खड्याच्या खाली कोंदणात पातळ चकचकीत पत्रा बसवतात, त्यावरून उजेड परततो आणि खडा पेटल्यासारखा दिसतो. हे मला पुस्तकात वाचण्याआधी माहीत होतं, कारण आजीच्या अंगठीतला लाल खडा एकदा काळवंडला होता. काका मला बरोबर घेऊन सराफ बाजारात गेला. सोनाराने चिमट्याने खडा उचलून हातरुमालावर ठेवला आणि मी चकित झाले. खडा लाल नव्हताच, फिकट गुलाबी होता, गुलाबपाणी घातलेल्या सरबतासारखा. लाली खालच्या पत्र्याची होती. भांडी घासताना कोंदणात पाणी शिरलं आणि पत्रा गेला. सोनाराने जुना पत्रा नखाने खरवडून काढला, तो काळ्या भुकटीसारखा रुमालावर पडला. काकाने ती भुकटी बोटाने गोळा केली आणि उगाचच कागदात बांधून खिशात टाकली. तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. आपण इतकी वर्षं आजीच्या खड्याचं कौतुक करत होतो आणि त्यातलं अर्धं पत्र्याचं होतं, एवढं मात्र कळलं.

आता चित्रकूटावर जाऊ. भरत सैन्य घेऊन येतोय हे लक्ष्मणाला आधी दिसतं. तो फुललेल्या सालवृक्षावर चढून पाहतो, ध्वज ओळखतो आणि वरूनच ओरडतो की आज याला मारतो, याला मारण्यात मला दोष दिसत नाही. राम त्याला एकच गोष्ट सुनावतो. तुला राज्य हवं म्हणून तू असं बोलत असशील तर सांग, भरत आला की मी त्याला सांगतो, राज्य याला दे. आणि तो 'बरं' म्हणेल. लक्ष्मण लाजून अंग चोरतो. या एका उत्तरात तिन्ही भाऊ दिसतात. लक्ष्मणाचं प्रेम रामाभोवती कुंपण घालणारं आहे, कुंपणाबाहेरचा प्रत्येकजण त्याला चोर वाटतो. रामाला भरताची खात्री आहे. आणि भरत अजून तिथे पोचलेलाही नाही, तरी त्याच्यावर खटला चालून निकालही लागला आहे.

हा भरतावरचा पहिला संशय नव्हे. तो आजोळहून अयोध्येत येतो तेव्हा काहीच माहीत नसतं. बाप गेलेला, भाऊ वनात, आणि आईने हे सगळं त्याच्याच नावाने मागून घेतलेलं. कौसल्या त्याला म्हणते, घे, तुला हवं होतं ते निष्कंटक राज्य मिळालं. तो तिच्यापुढे शपथांवर शपथा घेतो, सबंध सर्गभर. पुढे गंगेकाठी गुह सैन्य पाहून पाचशे नावा सज्ज करतो, एकेका नावेत शंभर-शंभर जवान कोळी बसवतो आणि मगच भेटायला जाऊन विचारतो, रामाचं काही वाईट करायला तर जात नाहीस ना? त्यापुढे भरद्वाज. ज्ञानी ऋषी, पण तेही हाच प्रश्न विचारतात, आणि भरताच्या डोळ्यांत पाणी येतं. मग झाडावरचा लक्ष्मण. म्हणजे ज्या माणसाने काहीच केलेलं नाही, त्याला प्रत्येक मुक्कामावर पहिल्यापासून सुरुवात करून निर्दोष ठरावं लागतं. रामाला सबंध अयोध्याकांडात हे एकदाही करावं लागत नाही. राम वनात निघतो तेव्हा सगळं गाव त्याच्या रथामागे धावतं. त्याचा चांगुलपणा सगळ्यांनी आधीच मान्य केलेला आहे.

मला वाटतं, या दोघांतला खरा फरक हाच. एकाचा चांगुलपणा गृहीत आहे. दुसऱ्याचा रोज सिद्ध करावा लागतो.

प्रत्यक्ष भेटीत काय होतं ते तर मी शाळेत कधी शिकलेच नव्हते. भरत पायावर पडतो, राम त्याला मांडीवर घेतो आणि प्रश्न विचारायला लागतो. त्या प्रश्नांचा सबंध एक लांबलचक सर्ग आहे. मंत्री नीट निवडलेस ना? फार झोपत नाहीस ना? सैन्याला धान्य आणि पगार वेळेवर देतोस ना? जमेपेक्षा खर्च जास्त होत नाही ना? बाप गेल्याचं रामाला अजून माहीतही नाही. समोर भाऊ वल्कलं नेसून, जटा वाढवून, वाळून बसलाय, आणि थोरला त्याला राज्यकारभार विचारतोय. वाचताना मला हसू आलं नाही, गलबलून आलं. कारण हे मी ऐकलेलं आहे. दर रविवारी सकाळी मुंबईहून बाबांचा फोन यायचा आणि काका उभ्याने उत्तरं द्यायचा. वाड्याची घरपट्टी भरली का? मागच्या पडवीचे पत्रे बदलले का? दुकानाचं शटर नीट लागतं का? काका प्रत्येक प्रश्नाला 'हो दादा' म्हणायचा. त्याला सर्दी झालेली असायची, कधी काकूचं ऑपरेशन आठवड्यावर आलेलं असायचं, ते तो फोन संपता संपता सांगायचा किंवा नाहीच सांगायचा.

बाबा वाईट नव्हते. त्यांना घराची काळजी होती आणि काळजी करण्याचा त्यांना ठाऊक असलेला मार्ग तोच होता.

रामाचं म्हणणं एका वाक्यात येतं: बापाने शब्द दिला, तो खोटा पडता कामा नये. भरताचं म्हणणं, आपल्या कुळात थोरलाच राजा होतो, ती रीत मोडता कामा नये. यावर राम जे उत्तर देतो त्याकडे कथा-कीर्तनात फारसं कोणी वळत नाही. तो सांगतो की दशरथाने कैकेयीशी लग्न करतानाच तिच्या वडिलांना वचन दिलं होतं, हिच्या मुलाला राज्य मिळेल म्हणून. शुल्क म्हणून राज्य. म्हणजे नुसत्या दोन वरांचा प्रश्न नाही, भरताचा हक्क त्याच्या जन्माच्या आधीचा आहे, आणि हे त्याला ज्याचं राज्य गेलं तो थोरला भाऊच सांगतोय. हे वाचलं आणि मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर माझ्या हाती आलं. दोघे एकच वाक्य बोलत नाहीत. राम म्हणतो, राज्य माझं नाही, म्हणून नको. भरताला आता कळलंय की राज्य कागदोपत्री त्याचं आहे, तरीही तो नको म्हणतो. रामाने सोडलं ते बापाच्या शब्दासाठी, आणि तो शब्द पाळला की त्याचं मन मोकळं होतं. भरताचं मन कशानेच मोकळं होण्यासारखं नाही. घेतलं तर लोक म्हणतील आईशी संगनमत होतं, आणि टाकून दिलं तर अयोध्या वाऱ्यावर.

मग तो हट्टाला पेटतो. सुमंत्राला सांगतो, इथे जमिनीवर दर्भ अंथर, राम परत यायला तयार होईपर्यंत मी इथे अन्नपाण्याशिवाय पडून राहणार. ही धरणं धरण्याची रीत होती. कर्ज बुडालेला ब्राह्मण देणेकऱ्याच्या दारात असा आडवा पडे. सुमंत्र भरताचा हुकूम ऐकतो आणि हलत नाही. तो रामाच्या तोंडाकडे बघतो. हे एवढंसं वाचून मी पुस्तक मिटलं होतं. राज्य भरताला मिळालंय, हुकूम भरताचा आहे, आणि सारथी परवानगीसाठी बघतो ते रामाकडे. भरताला ते दिसतं, त्याचं मन खट्टू होतं, आणि तो स्वतः दर्भ घेऊन जमिनीवर अंथरतो. राम त्याला समजावतो की हे धरणं क्षत्रियाचं काम नव्हे, ऊठ. भरत उठतो आणि शेवटचा मार्ग काढतो: कोणीतरी चौदा वर्षं वनात राहायलाच हवं ना, मग तुझ्याऐवजी मी राहतो. राम म्हणतो, वनवासात बदली माणूस चालत नाही, तो कमीपणा मी करणार नाही. एकेक दार असं बंद होतं. मग सोन्याने मढवलेल्या पादुका पुढे येतात. राम त्यांवर पाय ठेवतो, काढतो आणि भरताला देतो. भरत रामासमोरच सांगून टाकतो की चौदा वर्षं जटा-वल्कलं नेसून, फळं-कंदमुळं खाऊन मी नगराबाहेर राहीन, आणि चौदावं वर्ष पुरं झाल्यावर दुसऱ्या दिवशी तू दिसला नाहीस तर अग्नीत शिरेन.

चौदा वर्षं दोघांचाही वेष एकच, जेवण तेच, झोपायला जमीन तीच. फरक एवढाच की रामाबरोबर सीता आहे, लक्ष्मण आहे, गोदावरी आहे. भरतासमोर पादुका आहेत आणि सगळं राज्य आहे. प्रत्येक कामाचा अहवाल तो पादुकांना देतो. वनवासाची कथा आपण रामाची म्हणून सांगतो. दुसरा वनवास अयोध्येपासून एका कोसावर चाललेला असतो, आणि त्यात कोणी राक्षस येत नाही, कोणी पर्णकुटी बांधून देत नाही, जमाखर्चाशिवाय काही घडत नाही.

आमच्या गावाचा या सगळ्याशी संबंध येतो तो अरण्यकांडातल्या एका पहाटेला. पंचवटीत हेमंत आलाय. राम गोदावरीवर आंघोळीला निघालाय, मागून लक्ष्मण घागर घेऊन चाललाय आणि चालता चालता थंडीचं वर्णन करतोय. तहानलेला रानहत्ती सोंड पाण्याला लावतो आणि गार लागल्याबरोबर मागे घेतो. पाणपक्षी काठावर बसून आहेत, आत शिरत नाहीत. चंद्र दिसेनासा झालाय, तोंडाच्या वाफेने आंधळ्या झालेल्या आरशासारखा. ज्यांनी डिसेंबरात गांधी तलावापाशी पहाट पाहिली आहे त्यांना हे कवीने बसल्या जागी रचलं असं वाटणार नाही. आणि या थंडीतून लक्ष्मणाला आठवतो तो भरत. तोही या वेळी उठून शरयूवर चालला असेल. सुखात वाढलेला, कोवळ्या अंगाचा, या पहाटे त्या पाण्यात कसा उतरत असेल? गार जमिनीवर झोपत असेल. झाडावर चढून 'मारतो' म्हणणारा लक्ष्मण तो हाच. तो म्हणतो, माणसं बापावर नाही, आईवर जातात असं लोक म्हणतात, भरताने ते खोटं पाडलं. मग ओघात कैकेयीवर घसरतो, की असा नवरा आणि असा मुलगा असून ही बाई अशी कशी झाली. राम त्याला तिथे थांबवतो. मधल्या आईला नावं ठेवू नकोस. तू ती भरताचीच गोष्ट सांग.

तू भरताचीच गोष्ट सांग. हे आमच्या नदीच्या काठी म्हटलेलं आहे, आणि आमच्या नदीच्या काठी भरताची गोष्ट आम्ही कमीच सांगतो.

वाल्मीकी मात्र भरताला सोडत नाहीत. तो डोळ्यांआड असला तरी त्याचं माप पुन्हा पुन्हा समोर येतं. किष्किंधेत सुग्रीव: थोरला भाऊ गुहेत मेला असं समजून गादीवर बसलेला धाकटा. लंकेत बिभीषण: थोरल्याला सोडून शत्रूकडे आलेला धाकटा. तीन राज्यं, तिन्हीकडे थोरला-धाकटा आणि मध्ये एक सिंहासन. बिभीषण शरण येतो तेव्हा भावाला सोडणाऱ्याचा भरवसा काय, असा सूर निघतो. राम म्हणतो, सगळे भाऊ भरतासारखे नसतात. मला हे वाक्य आधी नुसतं कौतुकाचं वाटायचं. आता वाटतं की यात रामाचा थोडा नाइलाजही आहे. ज्याला एकदा भरत भेटला त्याला बाकीच्या जगाशी तडजोड करावी लागते.

आणि तरीही शेवटी रामालाही राहवत नाही. युद्ध संपलं, पुष्पक भरद्वाजाच्या आश्रमाशी उतरलं. अयोध्या आता जवळच आहे. राम हनुमानाला पुढे पाठवतो आणि बजावतो: मी आलो हे भरताला सांग, आणि ऐकताना त्याच्या चेहऱ्याचा रंग, त्याची नजर, त्याचं बोलणं, सगळं नीट बघून ये. हत्ती-घोड्यांनी भरलेलं बापआजाचं राज्य कोणाचं मन फिरवणार नाही? लक्ष्मणाला झाडावरून खाली उतरवणारा, 'तो बरं म्हणेल' असं खात्रीने सांगणारा राम तो हाच. त्याच युद्धकांडात थोडंच आधी त्याने सगळ्यांदेखत सीतेच्या शुद्धतेवर संशय घेतलेला आहे, आणि ती सिद्ध करायला तिला अग्नीत शिरावं लागलेलं आहे. ज्याला स्वतःला कधी सिद्ध व्हावं लागलं नाही, त्याला दुसऱ्याकडे सिद्धता मागणं किती सहज जातं, हे मला रामाच्या एकट्याच्या कथेतून कळलं नसतं. शेजारी भरत ठेवला म्हणून दिसलं. पण एवढ्यावर थांबणं रामावर अन्याय आहे. तो पुढे हेही म्हणतो की इतक्या वर्षांच्या सवयीने भरताला राज्य हवंसं झालं असेल, तर सगळी पृथ्वी त्यानेच सांभाळावी. हा संशय पकडण्यासाठी नाही, वाट सोडून देण्यासाठी आहे. भरताच्या मनात तसं असेल तर राम अयोध्येकडे पाऊलही टाकणार नव्हता. मी दोन्ही वाक्यं एकत्र वाचते तेव्हा मला राम पहिल्यांदा माणूस म्हणून जवळचा वाटतो.

मी हनुमानाचं काम एकदा केलं आहे.

बाबा निवृत्त झाले आणि त्यांनी नाशिकला परत यायचं ठरवलं. वाड्याचा पुढचा भाग नीट करून घ्यायचा, दुकानात सकाळी बसायचं. काका तेव्हा तीस वर्षं भांडी बाजारातलं ते तांब्या-पितळेचं दुकान एकटा चालवत होता. पाटीवर बाबांचं नाव होतं, आजोबांनी घातलेलं. काकाने ते कधी बदललं नाही. दरवर्षी पाडव्याला तो वही बाबांपुढे ठेवायचा आणि बाबा चष्मा लावून पानं उलटायचे. परत यायचं बाबांनी फोनवरून सांगितलं नाही. मी तेव्हा नाशिकला निघाले होते, तर म्हणाले, तूच सांग त्याला. आणि मी दारात चपला घालत असताना हळूच म्हणाले, "सांगताना तेवढं चेहऱ्याकडे बघ त्याच्या."

मी दुपारी दुकानात गेले. काका एका मोठ्या पितळी पातेल्याला चिंच लावून घासत होता. गिऱ्हाईक नसलं की तो हेच करायचा. मी सांगितलं, बाबा येतायत, कायमचे. त्याचा हात थांबला. चेहऱ्यावर काय आलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. आनंद होता, तो खोटा नव्हता. पण आनंदाच्या आधी एक क्षण काहीतरी येऊन गेलं, जसं पाण्यात खडा टाकल्यावर तळ दिसेनासा होतो तसं. मग तो म्हणाला, "बरं झालं बाई. दादा आला म्हणजे मी सुटलो." हात धुतले, फडताळातून वही काढली आणि म्हणाला, "हे बघ, आजोबांच्या वेळी एवढी उधारी होती, आता एक पैसा नाही." मी वहीकडे बघितलंच नाही. मला त्याच्या चेहऱ्याकडे बघायला सांगितलं होतं आणि मी तेच करत बसले.

संध्याकाळी बाबांना फोन केला. म्हणाले, काय म्हणाला? मी म्हटलं, खूप आनंद झाला त्याला. तो मधला क्षण मी सांगितला नाही. सांगायला हवा होता का, हे मला अजून ठरवता येत नाही. बाबांच्या तोंडून 'त्याला हवं असेल तर त्यानेच चालवू दे' असं आलं असतं का, तेही कळलं नाही, कारण मी त्यांना ती संधीच दिली नाही. वाल्मीकींचा भरत बातमी ऐकून आनंदाने मूर्च्छित पडतो, शुद्धीवर येऊन हनुमानाला मिठी मारतो, हजारो गाई बक्षीस देतो. राम आल्यावर पादुका स्वतःच्या हाताने त्याच्या पायांत घालतो आणि म्हणतो, कोठार बघ, खजिना बघ, सैन्य बघ, सगळं दसपट केलंय. त्याच तोंडाने म्हणतो, दणकट बैलाने ओढायचं जू वासराच्या मानेवर होतं, मला ते पेलवत नव्हतं. आणि दसपट झालं ते तुझ्या तेजाने झालं, म्हणतो. दसपट करणारा माणूस पेलवत नव्हतं म्हणतो, तेव्हा ते खोटं नसतं आणि पूर्ण खरंही नसतं. काकाचं 'मी सुटलो' मी तेव्हापासून असंच ऐकते. काका आता नाही. दुकानाच्या पाटीवर अजून बाबांचंच नाव आहे.

मी नाटुकलं पुन्हा लिहिलं. आधीच्या खर्ड्यात भरत फक्त रडत होता, आणि तालमीत त्याचा परिणाम दिसलाच होता: भरत जितका रडे तितका राम दगड वाटे, आणि रामालाही रडवलं की दोघे एकसारखे होत. कैकेयीला मी दुष्ट करून ठेवलं होतं, ती सगळा काळा रंग घेऊन जात होती आणि भावांमध्ये काही उरत नव्हतं. आता रामाची वाक्यं कमी केली. त्याला बसवून ठेवलं. भरताला उठवलं. त्याला एकामागून एक मार्ग दिले आणि प्रत्येक मार्गावर रामाचं एकेक छोटं उत्तर. सुमंत्र झालेल्या मुलाला एकच काम दिलं: हुकूम भरताचा ऐकायचा आणि बघायचं रामाकडे. तो चुणचुणीत होता, पहिल्याच वेळी त्याने मान इतकी हळू वळवली की हॉलमधली मुलं गप्प झाली.

दर्भ कुठून आणायचे, तर बाईंनी मधल्या सुट्टीत बालवाडीची चटई आणून दिली. भरत झालेल्या मुलाने सुमंत्राकडे बघितलं, मग रामाकडे. मग कोणाला काही न बोलता चटई उचलली आणि अंथरायला लागला. गुंडाळून ठेवायची सवय असलेली ती चटई, तिचं टोक पुन्हा पुन्हा वर येत होतं. त्याने दोनदा हाताने दाबलं. तिसऱ्यांदा टोक वर आलं तेव्हा त्याने त्यावर गुडघा टेकवला आणि तसाच, एका गुडघ्यावर, रामाकडे बघत राहिला. संवाद त्याचाच होता, पण तो बोलत नव्हता. बाई मागून हळूच वाक्य सांगायला निघाल्या, मी हाताने त्यांना थांबवलं.